'मुळे' लिहिण्याआधी: पत्रकारितेच्या विद्यार्थ्यांसाठी तीन खोटे तक्ते

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी एक बातमी दिली होती. शहरातल्या सर्वाधिक अपघात होणाऱ्या चौकांत कॅमेरे लागले होते आणि वर्षभराने त्या चौकांतले अपघात जवळपास अर्धे झाले होते. मथळा होता 'कॅमेरे बसताच अपघात निम्म्यावर'. पहिल्या पानावर लागली, संपादकांनी पाठ थोपटली. चार दिवसांनी चहाच्या टपरीवर वाहतूक शाखेतले एक हवालदार भेटले. म्हणाले, "मॅडम, बातमी झकास. पण कॅमेरे नाही लागले तिथंबी यंदा कमीच झालेत की."

मी आकडे मागवले. त्यांचं खरं निघालं. कॅमेऱ्यांनी काहीच फरक पडला नसेल असं नाही, पण माझ्याकडे तसं म्हणायला आधार नव्हता. चूक आकड्यांत नव्हती, चूक 'बसताच' या एका शब्दात होती.

आता मी पत्रकारितेच्या मुलांना शनिवारी शिकवते, तेव्हा सहसंबंध आणि कार्यकारणभाव हे शब्द फळ्यावर लिहून व्याख्या सांगत बसत नाही. तीन खोटे तक्ते हातात देते आणि बातमी लिहायला सांगते. पोरं हटकून फसतात, मीही फसले असते. तोच तास इथे पायरीपायरीने मांडते आहे. तक्त्यांतले सगळे आकडे मी बसल्या जागी रचलेले आहेत. कुठल्याही खऱ्या तालुक्याचे, रुग्णालयाचे किंवा चौकाचे नाहीत, त्यामुळे ते कुठेही उद्धृत करू नका. जिथे खरी घटना आहे तिथे तसं सांगितलं आहे.

## काय लागेल

- कालचं कोणतंही मराठी वर्तमानपत्र आणि लाल पेन
- सापशिडीचे दोन फासे (एक असला तरी चालेल, दोनदा टाका)
- गूगल शीट्स किंवा एक्सेल. आकडे इंग्रजी अंकांतच टाका, म्हणजे सूत्र अडणार नाही
- पुढे खरी बातमी करताना: मूळ आकड्यांची फाइल (प्रेसनोट नव्हे), किमान पाच वर्षांचे आकडे, आणि ज्यांच्यावर उपाय झालाच नाही त्यांचेही आकडे

शेवटची गोष्ट मिळवायला सगळ्यात जास्त फेऱ्या माराव्या लागतात, कारण ती कुणी आपणहून देत नाही.

## १. लाल पेन घ्या आणि 'मुळे' शोधा

पेपर उघडा आणि जिथे जिथे एका गोष्टीने दुसरी घडली असं सुचवलंय तिथे गोल करा. 'मुळे' तर लगेच दिसेल. पण मराठीत कारण सांगायच्या चोरवाटा पुष्कळ आहेत. 'पाऊस लांबल्याने' मधला 'ल्याने', 'कॅमेरे बसताच' मधला 'ताच', 'परिणामी', 'फटका', 'कृपा'. कधी तर शब्दही लागत नाही. 'मोबाइल वाढले, वाचन घटले' असं स्वल्पविराम देऊन लिहिलं की वाचक मधला 'मुळे' स्वतःच भरतो.

प्रत्येक गोलापाशी एकच प्रश्न विचारा: पहिली गोष्ट कुणी हाताने बदलली असती, तर दुसरी बदलली असती का? 'पाऊस लांबल्याने पेरण्या रखडल्या' हे टिकतं. शेतकरी स्वतः सांगतो की ओल नाही म्हणून थांबलोय, आणि पाऊस पडला की तिफण बाहेर निघते. 'मोबाइल वाढले, वाचन घटले' याला अजून काहीच आधार नाही. दोन आकडे एका वाक्यात शेजारी बसलेत, इतकंच.

दोन गोष्टी बरोबरीने वर-खाली होत असतील तर तो सहसंबंध. एकीला हलवल्यावर दुसरी हलत असेल तर कार्यकारणभाव. एवढं समजलं की व्याख्या झाली, आता तक्ते घेऊ.

## २. पहिला तक्ता: कणसं आणि साप

एका कल्पित तालुक्याचे आठ महिने. मधल्या रकान्यात भाजलेल्या मक्याच्या कणसांची विक्री (शेकड्यांत), शेवटच्या रकान्यात सर्पदंशाचे रुग्ण.

| महिना | कणसं (शेकडा) | सर्पदंश |
|---|---|---|
| एप्रिल | ५ | ९ |
| मे | ६ | ११ |
| जून | २० | २४ |
| जुलै | ४१ | ३८ |
| ऑगस्ट | ४६ | ४२ |
| सप्टेंबर | ३३ | ३५ |
| ऑक्टोबर | १५ | २२ |
| नोव्हेंबर | ७ | १२ |

हे शीटमध्ये उतरवा (कणसं B रकान्यात, सर्पदंश C मध्ये) आणि खाली हे सूत्र टाका:

```
=CORREL(B2:B9,C2:C9)
```

उत्तर ०.९९ येईल. हा आकडा उणे १ ते अधिक १ यांच्यामध्ये फिरतो. १ म्हणजे दोन्ही रकाने अगदी हातात हात घालून चाललेत. तेव्हा ०.९९ म्हणजे जवळजवळ पूर्ण जुळणी.

इथे वर्गात हशा पिकतो. कणीस खाल्ल्याने साप चावत नाही हे सगळ्यांना माहीत असतं. पावसाळ्यात कणसं विकली जातात आणि पावसाळ्यातच बिळांत पाणी शिरतं, साप बाहेर येतात, माणसं चिखलात अनवाणी राबत असतात. दोन्हींच्या मागे तिसराच, पाऊस.

मग मी दुसरा कागद वाटते. आकडे तेच, एकही बदललेला नाही. फक्त मधल्या रकान्याचं डोकं खोडून 'कणसं' ऐवजी 'युरियाच्या गोण्या' लिहिलेलं असतं.

हसणं थांबतं आणि पेनं चालू लागतात. मागच्या तुकडीत एका मुलीने लिहिलं होतं, 'रासायनिक खतांमुळे साप बिळाबाहेर'. शेजारच्याने तर पुढे जाऊन युरियाच्या वासाचा सिद्धान्त मांडला. गावाकडचा एकजण म्हणाला, आमच्याकडे म्हातारी माणसं असंच म्हणतात. पाच मिनिटांपूर्वी याच आकड्यांवर हसलेली ही पोरं.

खरा सापळा हा आहे. आकड्यांनी कारण सांगितलं नव्हतंच, दोन्ही वेळा नाही. रकान्याचं नाव पटण्यासारखं झालं आणि उरलेली गोष्ट आपल्या डोक्याने पुरवली. म्हणून ही सवय लावून घ्या: बातमीतल्या संशयित कारणाच्या जागी 'कणसं' लिहून बघा. वाक्य हास्यास्पद झालं तर समजा की तुमच्याजवळ फक्त जुळणी आहे.

तिसऱ्याला कसं पकडायचं? त्याला एका जागी बांधून ठेवायचं. इथे ऋतू संशयित आहे, तर ऋतू बदलू द्यायचा नाही. फक्त जुलै महिना घ्या आणि साधारण सारख्या लोकसंख्येच्या चार तालुक्यांची तुलना करा. समजा कणसांची, किंवा युरियाच्या गोण्यांची, विक्री अनुक्रमे ४१, १२, ५५, २८ आहे आणि सर्पदंश ३८, ३६, ३७, ४१. आता सूत्र टाकलं तर ०.०४ येतं, म्हणजे जुळणी उडाली. युरियाचा खरंच हात असता तर एकाच जुलैत जास्त युरियावाल्या तालुक्यात जास्त दंश दिसायला हवे होते. (चार तालुके हे शिकवण्यापुरते. खऱ्या बातमीत चारांवर काहीही ठरवू नका.)

## ३. दुसरा तक्ता: कोणत्या रुग्णालयात जास्त मेले?

साप चावलाच आहे तर पुढे रुग्णालयात जाऊ. हा तक्ता तिघांतला सगळ्यात धोक्याचा आहे, कारण यातून निघणारी चुकीची बातमी वाचून एखाद्याचा जीव जाऊ शकतो. समजा माहिती अधिकारात तुम्हाला एवढंच मिळालं:

| | सर्पदंशाचे रुग्ण | मृत्यू | प्रमाण |
|---|---|---|---|
| ग्रामीण रुग्णालय | ३०० | १५ | ५ टक्के |
| जिल्हा रुग्णालय | ३०० | ३१ | १०.३ टक्के |

मथळा आपोआप सुचतो: 'जिल्हा रुग्णालयात सर्पदंशाचे दुप्पट बळी'. उपमथळाही तयार, 'कोट्यवधींची यंत्रणा, तरीही...'. आकडे सरकारी, सहीशिक्क्याचे. कुणी नाकारू शकत नाही.

थांबा आणि एक प्रश्न विचारा: या दोन दारांतून आत येणारी माणसं सारखी आहेत का?

नसणारच. साप चावला की जवळचं ग्रामीण रुग्णालय गाठतात. दंश किरकोळ असेल किंवा साप बिनविषारी असेल तर तिथेच निभावतं. मण्यार चावून श्वास अडकायला लागला, घोणस चावून लघवी बंद झाली, की रुग्णवाहिका जिल्ह्याकडे धावते. म्हणून रुग्ण आला त्या क्षणी त्याची अवस्था काय होती, त्यानुसार आकडे फोडून मागा. समजा ते असे आले:

| | सौम्य: रुग्ण / मृत्यू | गंभीर: रुग्ण / मृत्यू |
|---|---|---|
| ग्रामीण | २५० / ५ (२ टक्के) | ५० / १० (२० टक्के) |
| जिल्हा | १०० / १ (१ टक्का) | २०० / ३० (१५ टक्के) |

बेरीज करून पाहा, रुग्णही तेच आणि मृत्यूही तेच. पण आता सौम्य रुग्णांत जिल्हा रुग्णालयाचं मृत्यूचं प्रमाण कमी आहे आणि गंभीर रुग्णांतही कमीच आहे. दोन्ही गटांत जो पुढे, तो एकत्र बेरजेत मागे पडला.

पहिल्यांदा हे पाहणाऱ्याला वाटतं कुठेतरी हातचा चुकला. चुकलेला नाही. ग्रामीणच्या ३०० पैकी २५० जण सौम्य आहेत, जिल्ह्याच्या ३०० पैकी २०० जण गंभीर. एकत्रित टक्केवारी रुग्णालयाची करामत मोजत नव्हती, आलेले रुग्ण किती अत्यवस्थ होते हे मोजत होती.

खात्री करायची असेल तर वहीत एक गणित करा. दोघांकडे अगदी सारखेच रुग्ण पाठवले असं समजा, २०० सौम्य आणि १०० गंभीर. ग्रामीणच्या प्रमाणाने ४ अधिक २० म्हणजे २४ मृत्यू होतील. जिल्ह्याच्या प्रमाणाने २ अधिक १५ म्हणजे १७. बातमी उलटी झाली. हे गणित पाचवीच्या शेकडेवारीपलीकडचं नाही, आणि माझ्या मते प्रत्येक जिल्हा वार्ताहराला ते हाताने करता आलं पाहिजे.

या चकव्याला सिम्पसनचा विरोधाभास म्हणतात. एडवर्ड सिम्पसन यांनी १९५१ साली त्यावर लिहिलं, म्हणून ते नाव. याचं गाजलेलं खरं उदाहरण अमेरिकेतल्या बर्कले विद्यापीठाचं आहे. १९७३ साली तिथे पदव्युत्तर प्रवेशासाठी आलेल्या अर्जदारांत पुरुषांना सुमारे ४४ टक्के आणि स्त्रियांना सुमारे ३५ टक्के प्रवेश मिळाला होता. उघड भेदभाव वाटावा असे आकडे. विभागवार फोड केल्यावर मात्र स्त्रियांविरुद्धचा तो कल दिसेना. जिथे प्रवेश मिळणंच अवघड, अशा विभागांकडे स्त्रियांनी जास्त अर्ज केले होते. यावरून भेदभाव कुठेच नव्हता असंही म्हणता येत नाही बरं का, मुली कोणत्या विभागांकडे वळतात किंवा वळवल्या जातात हा वेगळा प्रश्न उरतोच. फक्त तो प्रश्न प्रवेश समितीला विचारून उपयोग नाही.

आता या पायरीवरचे खाचखळगे, कारण फोड करायला शिकलेली पोरं पुढे फोड करण्यातच फसतात.

गंभीर कधी ठरवलं? 'आल्यावेळी गंभीर' हा निकष चालतो. 'अतिदक्षता विभागात हलवलेले' हा चालत नाही. उपचार ढिसाळ झाल्यामुळेही माणूस अतिदक्षता विभागात जाऊ शकतो. म्हणजे ज्याची परीक्षा घ्यायची त्याच्याच हातून ठरलेल्या गोष्टीवर तुम्ही गट पाडले. उपचार सुरू होण्याआधी जे ठरलेलं असतं त्यावरच फोड करा: वय, साप, किती वेळाने पोहोचला, नोंदीच्या वेळची अवस्था.

रेफर झालेला माणूस कुणाच्या खात्यात? ग्रामीणमध्ये नाव नोंदवलं, दोन तासांनी रेफर केलं, जिल्ह्यात मृत्यू झाला. बहुतेकदा तो दोन्हीकडे 'रुग्ण' म्हणून मोजला जातो आणि मृत्यू मात्र एकट्या जिल्ह्याच्या माथी. हे विचारल्याशिवाय कळत नाही. अर्जातच लिहा: 'रेफर केलेल्या रुग्णांची संख्या व त्यांचा पुढील निकाल'.

फार छोटा आकडा. जिल्ह्यात सौम्य गटात एकच मृत्यू आहे. आणखी एक झाला असता तर प्रमाण ग्रामीणइतकंच झालं असतं. म्हणून उत्साहाच्या भरात 'जिल्हा रुग्णालय ठरले सरस' असंही लिहू नका. जी बातमी तुम्ही पाडली तिचीच उलटी आवृत्ती छापणं हा त्याच चुकीचा दुसरा अंक झाला.

## ४. तिसरा तक्ता: फाशांवर अपघात

हा तक्ता मी देत नाही, तुम्हीच तयार करायचा. वहीत १ ते २० आकडे लिहा, हे वीस चौक. प्रत्येक चौकासाठी दोन फासे टाका आणि बेरीज पुढे लिहा. ही झाली पहिल्या वर्षातल्या अपघातांची संख्या. फासे नसतील तर शीटमध्ये:

```
=RANDBETWEEN(1,6)+RANDBETWEEN(1,6)
```

(शीटमध्ये काहीही नवं लिहिलं की हे आकडे पुन्हा बदलतात. रकाना कॉपी करून फक्त मूल्यं चिकटवा, नाहीतर पहिलं वर्ष हातातून निसटेल.)

आता सर्वात वाईट पाच चौक निवडा. महापालिका आहात असं समजा आणि त्या पाच चौकांत उपाय करा. मी लिंबू-मिरची बांधायला सांगते. मग सगळ्या वीस चौकांसाठी पुन्हा फासे टाका. हे दुसरं वर्ष.

एका गटाच्या वहीत असंच काहीसं चित्र होतं. वाईट पाच चौकांत आधी ११, ११, १०, १०, ९ म्हणजे एकूण ५१ अपघात. लिंबू-मिरचीनंतर ६, ९, ५, ८, ७ म्हणजे ३५. 'लिंबू-मिरचीने अपघातांत ३१ टक्के घट'. तुमच्या फाशांवर आकडे वेगळे येतील, पण घट जवळजवळ नक्की येईल. आणि गंमत अशी की सर्वात सुरक्षित पाच चौकही पाहा. तिथे ३, ४, ४, ५, ५ मिळून २१ होते, दुसऱ्या वर्षी ८, ६, ९, ४, ७ म्हणजे ३४ झाले. लिंबू-मिरची न बांधल्याने अपघात ६२ टक्के वाढले म्हणायचं का?

फाशाला स्मरण नसतं. दोन फाशांच्या बेरजेची सरासरी ७ असते. पहिल्या फेरीत ज्यांच्या वाट्याला ११ आले, ते तसे वाईट नव्हते, त्या फेरीत त्यांचं नशीब फुटकं होतं. तेच चौक हुडकून निवडले, तर पुढच्या फेरीत ते सातच्या आसपास येणारच. घट उपायातून आली नाही, निवडीतून आली. फ्रान्सिस गाल्टनने १८८६ साली आईवडील आणि मुलांच्या उंचीत हेच दाखवलं होतं: फार उंच आईबापांची मुलं उंच असतात, पण सरासरी पाहिली तर त्यांच्याइतकी नाही.

खरे चौक अर्थातच फासे नसतात. काही चौक बांधणीतच वाईट असतात, उतारावरचं वळण असतं, सिग्नल झाडामागे लपलेला असतो. त्यामुळे खरी घट फाशांइतकी आपोआप होत नाही, पण काही भाग आपोआप होतोच. राष्ट्रीय महामार्गावर 'ब्लॅक स्पॉट' ठरवताना साधारण ५०० मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांतले अपघात मोजतात, एका वर्षाचे नाही. तीन वर्षं घेतली की एखाद्या वर्षाच्या वाईट नशिबाचा वाटा पातळ होतो. माझ्या त्या बातमीतली यादी एकाच वर्षाची होती.

हा सापळा कुठे ओळखायचा? 'सर्वात वाईट', 'सर्वात मागास', 'सर्वात कमी निकालाच्या' असं काही निवडून त्यावर योजना राबवली, आणि पुढच्या वर्षी 'सुधारणा' झाली, की कान टवकारा. कमी निकालाच्या शाळा, जास्त कुपोषणाचे पाडे, सलग हरलेला संघ आणि नवा प्रशिक्षक, सगळीकडे हेच. अधिकाऱ्याला दोन गोष्टी विचारा: यादीत होते पण निधीअभावी उपाय झाला नाही, अशा ठिकाणी काय झालं? आणि यादी करण्याआधीच्या चार-पाच वर्षांत इथले आकडे काय होते? पहिल्या प्रश्नावर अधिकारी गप्प झाला तर तेवढीही बातमी पुरते.

## ५. मग 'मुळे' लिहायचंच नाही का?

हा प्रश्न प्रत्येक तुकडीत कुणीतरी चिडून विचारतं. लिहायचं, पण त्यासाठी राबावं लागतं. किती, ते एका खऱ्या माणसाकडून पाहा.

१८५४, लंडन, कॉलऱ्याची साथ. बहुतेकांची समजूत होती की रोग दुर्गंधीने पसरतो. जॉन स्नो या डॉक्टरला पाण्याचा संशय होता. पण गरीब वस्तीत पाणीही घाण आणि हवाही घाण, कोंदट घरं, निकृष्ट अन्न. 'घाण पाण्याच्या वस्तीत जास्त मृत्यू' म्हटलं असतं तर ती कणसं आणि सापांचीच गोष्ट झाली असती.

दक्षिण लंडनच्या मोठ्या भागात दोन कंपन्यांचे नळ एकाच रस्त्यावरून गेले होते. एका घरात साउथवर्क अँड व्हॉक्सहॉलचं पाणी, शेजारच्या घरात लॅम्बेथचं. श्रीमंत-गरीब, लहान-मोठं घर, हवा, सगळं दोन्हीकडे मिसळलेलं. फरक एकच. लॅम्बेथने १८५२ साली पाणी उचलण्याची जागा थेम्स नदीवर वरच्या अंगाला, लंडनचं सांडपाणी मिसळण्याआधी नेली होती. दुसरी कंपनी शहराच्या घाणीतूनच पाणी उचलत होती.

स्नो घरोघर फिरला. मृत्यू झालेल्या घरात पाणी कुणाचं, हे विचारत. कित्येक भाडेकरूंना ठाऊकच नसे, पट्टी घरमालक भरायचा. मग तो नळाचं पाणी बाटलीत घेऊन त्यातलं मीठ तपासायचा. खालच्या अंगाच्या पाण्यात मीठ कितीतरी जास्त निघे, त्यावरून कंपनी कळे. साथीच्या पहिल्या सात आठवड्यांचा हिशेब असा आला: साउथवर्क अँड व्हॉक्सहॉलच्या ४०,०४६ घरांत १,२६३ मृत्यू, म्हणजे दर दहा हजार घरांमागे सुमारे ३१५. लॅम्बेथच्या २६,१०७ घरांत ९८ मृत्यू, म्हणजे सुमारे ३७.

आता मागच्या तीन तक्त्यांचे प्रश्न इथे लावून पाहा. तिसरं काही मागे लपलंय? दोन्ही गट एकाच गल्लीत राहतात, त्यामुळे फारशी जागा उरत नाही. आत येणारी माणसं वेगळी? नळ कुणाचा हे बहुधा घरमालक ठरवून बसलेला, आजारी पडणाऱ्याने निवडलेला नव्हे. वाईट वर्ष हुडकून निवडलं? नाही, दोन्हींची साथ तीच आणि आठवडेही तेच. इतकं झाल्यावर 'पाण्यामुळे' लिहिता येतं. आणि हे काम एका अर्थी वार्ताहराचंच होतं: दार वाजवणं, विचारणं, आणि उत्तर मिळालं नाही तर बाटली भरून घेणं.

तुमच्या भागातही अशी सरमिसळ सापडते. एकाच गावात अर्ध्या आळीला टँकरचं पाणी आणि अर्ध्या आळीला नळयोजनेचं असेल, आणि गॅस्ट्रोची साथ आली असेल, तर तिथे जाऊन बसा. अख्ख्या जिल्ह्याच्या टक्केवारीपेक्षा ती एक गल्ली जास्त सांगेल.

## ६. कॉपी लिहिताना

रुग्णालयाची बातमी घेऊ. पहिला खर्डा असा असतो:

> जिल्हा रुग्णालयातील ढिसाळ कारभारामुळे सर्पदंशाच्या रुग्णांचे दुप्पट मृत्यू होत असल्याचे उघड झाले आहे.

'मुळे' आणि 'उघड झाले' दोन्ही बिनबुडाचे. तोच मजकूर असा लिहा:

> जिल्हा रुग्णालयात सर्पदंशाच्या ३०० पैकी ३१, तर ग्रामीण रुग्णालयात ३०० पैकी १५ रुग्ण दगावले. मात्र जिल्हा रुग्णालयात दाखल झालेल्यांपैकी २०० जण आणले तेव्हाच गंभीर होते; ग्रामीणमध्ये अशांची संख्या ५० होती. गंभीर रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण जिल्ह्यात १५ टक्के, तर ग्रामीणमध्ये २० टक्के आहे. रेफर केलेल्या रुग्णांची स्वतंत्र नोंद दोन्ही रुग्णालयांनी दिलेली नाही.

शेवटचं वाक्य गाळू नका. डेस्कवर पहिली कात्री तिथेच लागते, म्हणून मी ते मधल्या परिच्छेदात सरकवते. खरी बातमीही बहुधा तिथेच दडलेली असते: गंभीर रुग्ण जिल्ह्यापर्यंत पोहोचायला किती वेळ लागला, ग्रामीणमध्ये प्रतिविष होतं का, रुग्णवाहिका कधी निघाली. दुसऱ्या दिवशी त्यामागे लागा.

राहिला मथळा. तो तुम्ही लिहीत नाही, उपसंपादक लिहितात, रात्री अकराला, तीन स्तंभांत बसेल असा. 'तुलनेत प्रमाण कमी-अधिक' बसत नाही, 'मुळे' झकास बसतो. म्हणून कॉपी पाठवताना सगळ्यात वर, ठळक अक्षरांत एक ओळ टाका: 'डेस्कसाठी: मथळ्यात कारण नको, एकत्रित टक्केवारीही नको'. त्यावर एक फोनही करा. मी अजून करते, आणि उपसंपादक अजून वैतागतात.